शेअर ₹१०० ला घेतला, ₹१०० ला विकला, तोटा किती?

समजा, लातूरच्या गंजगोलाईतील दुकानदाराने ₹१०० चे १०० शेअर घेतले आणि महिनाभरात विकायचे ठरवले. ब्रोकरेज दोन्ही वेळा ₹२० धरले, तर जीएसटीसह ₹४७ गेले. खरेदी-विक्रीवर ०.१-०.१ टक्का एसटीटी म्हणजे ₹२०. डीपी शुल्क सुमारे ₹१५, स्टॅम्प ड्युटी व एक्स्चेंज शुल्क मिळून ₹२. एकूण ₹८४. म्हणजे ₹१००.८४ ला विकले की सुटका?

नाही. अल्पकालीन नफ्यावर २० टक्के कर आणि त्यावर ४ टक्के सेस आहे. नफा मोजताना ब्रोकरेज वजा होते, एसटीटी मात्र होत नाही. त्यामुळे हाती न आलेल्या ₹२० वरही कर बसतो आणि बरोबरीचा भाव ₹१००.९० च्या आसपास जातो.

नांदेडच्या गुंतवणूकदाराने हाच व्यवहार ₹१ लाखाचा केला, तर सुमारे ०.३४ टक्के वाढ पुरते. कारण ब्रोकरेज आणि डीपी शुल्क तेवढेच राहते. छोट्या रकमेच्या वारंवार उलाढालीत हाच स्थिर खर्च नफा खातो. डीपी शुल्क कॉन्ट्रॅक्ट नोटवर सहसा दिसत नाही; ते लेजरमध्ये पाहावे. एसटीटी खर्च म्हणून वजा न होणे हा छोट्या गुंतवणूकदारावरचा अन्यायच आहे.