‘बरे कर’ म्हणायला लाज कसली?

आजाऱ्याच्या अंगावरून उजवा हात फिरवत पैगंबर (स.) जी दुआ मागत, ती हजरत आयशांनी सांगितली आणि बुखारी व मुस्लिम या दोन्ही हदीससंग्रहांत ती आली. जेमतेम पंधरा-सोळा शब्दांची दुआ. खाटेवरच्या म्हातारीला अर्थ कळावा म्हणून तिची मराठी छापतात, पण त्या मराठीचा थाट असा : ‘हे प्रभो, आपण कृपया आरोग्य प्रदान करावे, आपणच रोगनिवारक आहात.’ ही दुआ की तहसीलदाराला अर्ज?

अरबीत ‘अन्त’ आहे, म्हणजे तू. उर्दूतही अल्लाहला तूच म्हणतात, आणि मराठी माणसाने देवाला आपण-जाहो कधी केले नाही. अदब ‘आपण’मध्ये नसते. ‘कृपया’ तर मुळात नाहीच.

दुआचा सगळा जोर एका धातूवर आहे. इश्फि, शाफी, शिफा, शिफाउक, शिफाअन : पाच वेळा तोच धातू. आमचे अनुवादक मात्र पुनरुक्तीला भितात. एकदा आरोग्य, एकदा निवारण, एकदा उपचार, की मागणाऱ्याची कळ गेलीच.

याहून वाईट गोष्ट पुढे आहे. ‘तुझ्या शिफेवाचून शिफा नाही’ या वाक्याचे काही जण ‘तुझ्यावाचून कोणतेही औषध गुणकारी नाही’ असे करतात. अरबीत औषधाला दवा म्हणतात आणि तो शब्द या दुआत कुठेही नाही. उपचार करून घ्या, असे पैगंबरांनीच (स.) सांगितल्याची हदीस आहे. रक्तदाबाच्या गोळ्या टाळायला टपलेल्या माणसाला अनुवादकाचा हा पदरचा शब्द पुरतो.

आणि ‘रब्बन्नास’मधला ‘नास’ म्हणजे माणसे, सगळी माणसे. तिथे ‘आमच्या पालनकर्त्या’ लिहिले, की शेजारच्या खाटेवरचा रोगी दुआच्या बाहेर पडला.

नमाज अरबीतच होईल, त्याबद्दल आमचे काही म्हणणे नाही. उशाशी बसून अर्थ सांगायचा, तर आम्ही असा सांगू :

‘हे अल्लाह, माणसांच्या पालनकर्त्या, त्रास दूर कर. बरे कर, बरे करणारा तूच. तुझ्या बरे करण्यावाचून बरे होणे नाही. असे बरे कर, की मागे आजार उरू नये.’

‘बरे’ पाच वेळा आले. आधी ‘बास’ म्हणजे त्रास आणि शेवटी ‘सकम’ म्हणजे आजार, हा क्रमही राहिला; दोन्हीकडे ‘रोग’ लिहिणाऱ्यांनी तो पुसला होता. ‘बरे कर’ म्हटल्याने रोगी बाई की पुरुष, हेही बदलावे लागत नाही. नास-बास हे यमक मात्र गेले, ते मराठीत येत नाही. शेवटच्या ‘युगादिरु’चा अर्थ मागे सोडणे. सूरह कहफमध्ये लहानमोठे काहीच न सोडणाऱ्या कर्मांच्या नोंदवहीसाठी हेच क्रियापद आहे. म्हणून ‘संपूर्ण आरोग्य’ इथे चालत नाही. ‘मागे उरू नये’ असेच म्हणावे लागते.