सहलीची यादी

आमच्या नगरच्या मुलांनी एका दिवसाच्या सहलीत पाच ठिकाणं कोंबली: शिर्डी, शनिशिंगणापूर, राळेगणसिद्धी, निघोज आणि किल्ला. मी विचारलं, "एकच बघायचं तर?" सगळे ओरडले, "निघोजचे रांजणखळगे!" कुकडीच्या पाण्यात गरगरणाऱ्या दगडगोट्यांनी कातळात कोरलेले ते रांजण! पण यादीत त्यांना जेमतेम अर्धा तास उरत होता.

मग नकाशा उघडला. शिर्डी, शिंगणापूर उत्तरेला, निघोज नैर्ऋत्येला. ती दोन्ही खोडली. किल्ला गावातच, तो पुन्हा कधीही पाहता येईल. दुपारी कातळ तापतो, म्हणून निघोज सकाळी पहिलं. परतीच्या वाटेवर राळेगणला डबे खायचे आणि तिथेच बंधारेही पाहायचे. झालं! रांजणखळग्यांना आता चांगले दोन तास मिळाले.