झडप हलली, तोच श्वास मोजा



भोपाळात थंडी सुरू झाली की लहान मुलं असलेल्या घरांत एक प्रश्न हमखास निघतो: "डॉक्टरांनी पंप आणि स्पेसर लिहून दिलाय, पण त्यापेक्षा वाफेचं मशीनच घेऊन टाकावं का?" मशीन घुर्र आवाज करतं, धूर दिसतो, त्यामुळे औषध जातंय असं वाटतं. स्पेसर म्हणजे प्लॅस्टिकची एक नळी. आजी-आजोबांचा तिच्यावर विश्वास बसत नाही.

मशीन आणि स्पेसर यांची मुलांमध्ये तुलना करणारे बरेच अभ्यास झाले आहेत. दम्याचा जोर वाढलेला असतानाही स्पेसरने दिलेलं औषध मशीनइतकंच काम करतं, असं त्यांतून दिसलं आहे. अट एकच: औषध मुलाच्या श्वासातून आत गेलं पाहिजे. ते जातंय की नाही हे कसं ओळखायचं, एवढंच आज बघू.

पंप थेट तोंडात का नाही?

दाबून फवारा सोडणारा पंप १९५६ साली अमेरिकेतल्या रायकर लॅबोरेटरीजने बाजारात आणला. तो मोठ्या माणसांसाठी होता. दाबायचं आणि त्याच क्षणी खोल, सावकाश श्वास घ्यायचा, ही जुळवाजुळव मोठ्यांनाही नीट जमत नाही. दोन वर्षांच्या मुलाकडून ती अपेक्षा करता येत नाही. शिवाय फवारा इतक्या वेगाने सुटतो की बरंचसं औषध घशाच्या मागच्या भिंतीवर आपटतं आणि गिळलं जातं.

स्पेसर मध्ये आला की फवारा नळीत थांबतो. जड थेंब भिंतीला चिकटतात आणि बारीक कण हवेत तरंगत राहतात. मूल नेहमीसारखा श्वास घेत ते आत ओढतं. मास्कच्या बाजूला एक पातळ झडप असते. श्वास घेताना ती उघडते आणि सोडताना बंद होते, म्हणजे उच्छ्वास नळीत परत जात नाही. ही झडप बाहेरून दिसते, आणि आपल्या दृष्टीने तीच सगळ्यात कामाची गोष्ट आहे. औषध डोळ्यांना दिसत नाही, पण झडप दिसते.

आमच्या घरातलं उदाहरण

माझी भाची अडीच वर्षांची आहे, वजन १२ किलो. रोजच्या पंपाचे सकाळ-संध्याकाळ दोन-दोन पफ लिहून दिलेले होते. ताई न चुकता देत होती, तरी रात्रीचा खोकला थांबेना. "औषध बदला किंवा वाढवा," असं सांगायचंच ठरवून ती डॉक्टरांकडे गेली. त्यांनी औषधाला हात लावला नाही. "घरी जसं देता तसं इथे देऊन दाखवा," म्हणाले.

ताईने मास्क लावला, पंप दाबला, पाच आकडे मोजले. डॉक्टर मात्र झडपेकडे बघत होते. पाच आकड्यांत ती एकदाच हलली. मास्क भाची आठ महिन्यांची असताना घेतलेला होता. तो आता नाकावर टेकवला की खाली ओठापर्यंतच पोचत होता आणि हनुवटीपाशी फट राहत होती. एक नंबर मोठा, मऊ सिलिकॉनचा मास्क घेतला आणि औषध तेच ठेवलं. पुढच्या भेटीपर्यंत रात्रीचा खोकला बराच कमी झाला होता.

फटीमुळे इतकं का बिघडतं? झडप उघडायला थोडा जोर लागतो. कडेला मोकळी वाट मिळाली की हवा आधी तिथूनच शिरते. मूल श्वास घेत असतं, पण खोलीतल्या हवेचा. औषध नळीतच राहतं.

मास्क बसलाय हे कसं ओळखायचं

मास्कची वरची कड नाकाच्या दांड्यावर हवी, डोळ्यांना टोचता कामा नये. खालची कड ओठ आणि हनुवटी यांच्यामधल्या खोबणीत किंवा हनुवटीवर बसली पाहिजे. नाक आणि तोंड दोन्ही आत हवीत. बहुतेक वेळा फट दोन ठिकाणी राहते: नाकाच्या दोन्ही बाजूंना आणि हनुवटीखाली. मास्क काढल्यावर गालांवर कडेचा हलका, सलग गोल ठसा दिसला तर तो नीट टेकला होता. ठसा एका बाजूला तुटलेला असेल तर फट तिथेच होती.

मुलाला मांडीवर पाठमोरं बसवा, त्याचं डोकं तुमच्या छातीला टेकलेलं असू द्या. एका हाताने मास्क धरा, दुसऱ्या हाताने पंप. आधी पंप चांगला हलवा, स्पेसरला जोडा, मग मास्क लावा. लगेच दाबू नका. झडप एक-दोनदा हलताना दिसू द्या आणि मग दाबा. हा क्रम उलटा झाला, म्हणजे आधी दाबून मग मास्क बसवत राहिलात, तर तेवढ्या वेळात औषध नळीच्या भिंतीवर बसतं.

"मास्क लावला की रडते, म्हणून जरा लांब धरतो," असं बरेच जण सांगतात. लांब धरलेल्या मास्कमधून जवळजवळ काहीच आत जात नाही. "रडताना मोठा श्वास घेते, म्हणजे औषध जास्त जाईल," हाही समज चुकीचा आहे. रडणं म्हणजे लांबलचक उच्छ्वास आणि मध्येच झटक्याने घेतलेला श्वास. झटक्यात ओढलेलं औषध घशात बसतं. रडणाऱ्या बाळांच्या शरीरात औषध किती पोचलं हे मोजून पाहिलं गेलं आहे, आणि ते शांत बाळांपेक्षा बरंच कमी निघालं. झोपेत गुपचूप द्यावं, तर अभ्यासात बहुतेक मुलं मास्क लागताच जागी झाली आणि चिडली. त्यामुळे सवय दिवसा, खेळताना लावलेली बरी. औषधाविना मास्क बाहुलीला, बाबांना आणि मग स्वतःला लावायचा.

पाच श्वास का, दहा का?

जीना ही दम्याची जागतिक मार्गदर्शिका लहान मुलांसाठी एका पफमागे साधारण पाच ते दहा श्वास सांगते. हे आकडे कुठून येतात ते भाचीच्या वजनावरून ढोबळपणे मांडून पाहू.

शांत श्वासात मूल किलोमागे सुमारे ७ मिली हवा घेतं. १२ किलोला झाली साधारण ८५ मिली. स्पेसर २५० मिलीचा धरला तर प्रत्येक श्वासाला नळीतली एक तृतीयांश हवा निघते. पहिल्या श्वासानंतर ६६ टक्के औषध उरतं, दुसऱ्यानंतर ४४, तिसऱ्यानंतर २९ आणि पाचव्यानंतर १२-१३. म्हणजे पाच चांगल्या श्वासांत नळी जवळजवळ रिकामी होते. स्पेसर १५० मिलीचा असेल तर तिसऱ्या श्वासानंतर ८ टक्केच उरतात. तान्ह्या बाळांना छोटा स्पेसर देतात तो यामुळेच. नळीतून निघालेलं सगळंच फुफ्फुसात जात नाही. मास्कच्या पोकळीत अडकलेला भाग उच्छ्वासाबरोबर बाहेर पडतो, म्हणून मास्क फार खोल नको.

आता फट ठेवा आणि निम्मी हवा कडेने येऊ द्या. पाच श्वासांनंतरही जवळजवळ ४० टक्के औषध नळीतच राहतं. मूल दमलेलं असेल तर श्वास उथळ असतात आणि पाच पुरत नाहीत, तेव्हा दहा मोजा.

यात घड्याळही चालू असतं. तरंगणारे कण खाली बसत राहतात. या वयाचं मूल मिनिटाला २५-३० श्वास घेतं, म्हणजे दहा श्वासांना वीसेक सेकंद लागतात. त्यामुळे मोजणी दाबल्याबरोबर सुरू करा. आणि मोजायची ती झडप. मनातल्या मनात "एक, दोन, तीन" म्हणणं म्हणजे सेकंद मोजणं झालं. झडप हलली नाही तर आकडा पुढे न्यायचा नाही.

दुसरा पफ वेगळा द्या. दोन पफ एकदम सोडले तर थेंब एकमेकांवर आदळून भिंतीला जास्त चिकटतात. अर्धा ते एक मिनिट थांबा, पंप पुन्हा हलवा आणि पुन्हा पहिल्यापासून मोजा.

धुणं, आणि मास्क कधी सोडायचा

नव्या किंवा फडक्याने पुसलेल्या प्लॅस्टिकवर स्थिर वीज असते आणि ती औषध ओढून घेते. म्हणून वापरण्याआधी, आणि नंतर पत्रकात सांगितलेल्या अंतराने, नळी कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब टाकून धुवा. निथळत ठेवून वाळवा, आतून पुसू नका. मास्क मात्र साध्या पाण्याने खळबळून घ्या. पंप स्टेरॉइडचा असेल तर दिल्यावर मुलाचं तोंड पुसा आणि दोन घोट पाणी पाजा.

मास्कमधून मूल बहुधा नाकाने श्वास घेतं आणि थोडं औषध नाकातच अडकतं. म्हणून चारेक वर्षांचं झालं, ओठ घट्ट मिटून नळी धरू लागलं, की डॉक्टरांना विचारून मास्क काढायचा.

प्रवासात स्पेसर विसरला तर? १९९९ साली केपटाउनच्या डॉक्टर हेदर झार आणि सहकाऱ्यांनी 'लॅन्सेट'मध्ये एक चाचणी छापली. अर्धा लिटरच्या प्लॅस्टिक बाटलीला भोक पाडून पंप बसवला आणि सांध हवाबंद केली, तेव्हा ती विकतच्या स्पेसरइतकीच चालली. सांध न बुजवलेली बाटली त्याहून कमी पडली आणि थर्माकोलचा कप सगळ्यात मागे राहिला. तिथेही फरक फटीचाच होता. अडीअडचणीला हे लक्षात असावं, पण रोजच्यासाठी स्पेसरच.

तंत्र कितीही चांगलं असलं तरी एक मर्यादा असते. बरगड्यांमधली कातडी आत ओढली जातेय, मूल बोलू किंवा पिऊ शकत नाही, ओठ निळसर दिसताहेत, ते सुस्त पडलंय किंवा लिहून दिलेल्या पफनंतरही दम उतरत नाही, तर मोजत बसू नका. १०८ ला फोन करा किंवा सरळ दवाखाना गाठा. जाताना वाटेत औषध चालू ठेवा.

बाकी दिवसांसाठी एवढंच. पुढच्या भेटीला फाइलबरोबर पंप, स्पेसर आणि मास्क पिशवीत टाका आणि डॉक्टरांसमोर एक पफ देऊन दाखवा. घरात आणखी कोणी औषध देत असेल, आजी, आजोबा, मावशी, तर त्यांनाही बरोबर न्या. रोज झडपेकडे बघणारे डोळे त्यांचेही असतात.