गाडीच आली नाही!

आमच्या महाविद्यालयात सकाळच्या पहिल्या तासाला मी वर्गात शिरतो तेव्हा निम्मे बाक रिकामे असतात आणि दुसऱ्या तासापर्यंत ते एकेक करून भरतात. दारात उभा राहिलेला प्रत्येक जण काहीतरी सांगतो, आणि ते ऐकून त्याला आत घ्यायचे की बाहेर ठेवायचे हा निवाडा मला दोन सेकंदांत करावा लागतो. वीस वर्षे मराठी शिकवून माझी एवढी प्रगती झाली आहे, की मी आता सबबीतला मजकूर ऐकत नाही, तिचे व्याकरण ऐकतो. पण या व्याकरणाने गेल्या पावसाळ्यात मला चांगलेच तोंडावर पाडले. ती हकीकत आज सांगायची आहे.

आमच्याकडे अनुवादाची एक अभ्यासपत्रिका आहे. तिच्या एका तासाला मी फळ्यावर एक साधे इंग्रजी वाक्य लिहिले, ‘सॉरी, आय अॅम लेट. आय वॉज स्टक इन ट्रॅफिक,’ आणि म्हटले, करा याचे मराठी. वह्या गोळा केल्या तर बहुतेकांनी लिहिले होते, ‘क्षमस्व, मला उशीर झाला आहे, कारण मी वाहतुकीच्या कोंडीत अडकलो होतो.’ वाक्य शुद्ध आहे. पण महाड ते पोलादपूर या पट्ट्यात असे बोलणारा एक तरी माणूस मला दाखवा! ‘क्षमस्व’ हा शब्द आपल्याकडे फक्त रस्ता खोदून ठेवणारे लोक पाटीवर लिहितात. आणि ‘कारण’ हे उभयान्वयी अव्यय तोंडी मराठीत आले, की समजावे, हा माणूस उत्तरपत्रिका लिहितो आहे.

मग पुढचा सगळा तास आम्ही त्या एका वाक्यावर घालवला. इंग्रजी माणूस ट्रॅफिकमध्ये अडकतो. आपल्याला ट्रॅफिक ‘लागते’, जशी ठेच लागते, घाट लागतो, वाटेत पाऊस लागतो. इंग्रजी माणूस बस चुकवतो. आपली बसच चुकते, आपण आपले जागच्या जागी. ‘मी उशीर केला’ असे आपण कधी म्हणतो का? उशीर होतो, आणि तो आपल्याला होतो, जशी सर्दी होते. आपल्या भाषेने माणसाला कर्तेपणातून सोडवण्याची एवढी सोय करून ठेवली असताना मुले ‘मी, मी’ करून कबुलीजबाब लिहीत होती.

दुसरी गोष्ट क्रमाची. खराखुरा उशीर झालेला मनुष्य कारण आणि कार्य अशी मांडणी करीत नाही. त्याच्या डोळ्यांपुढे जे असते तेच आधी तोंडातून पडते: ‘अहो सर, कंटेनर आडवा झालाय घाटात.’ क्रियापद स्थळाच्या आधी येते, ‘झाला आहे’चे ‘झालाय’ होते, आणि आपल्याला उशीर झाला हे तो सांगतच नाही. ते दिसतेच आहे! पाठ केलेली सबब मात्र न विचारलेल्या प्रश्नांचीही उत्तरे देते. किती वाजता निघालो, कुठे थांबलो, किती वेळ, सगळे ओळीने. (आमच्या घरी मी ‘बैठक लांबली’ एवढेच सांगतो. एकदा कुणाकुणाची भाषणे झाली तेही सांगितले, आणि त्याच दिवशी पकडला गेलो.)

आता ती हकीकत. जुलैमधला दिवस, सकाळपासून धो धो पाऊस, आणि अकरा वाजता वीस गुणांची अंतर्गत चाचणी. अकराला दहा कमी असताना पोलादपूरच्या एका विद्यार्थ्याचा फोनवर संदेश आला: ‘आदरणीय सर, क्षमस्व. मी कशेडी घाटातील वाहतूक कोंडीत अडकलो असल्यामुळे चाचणीस वेळेवर उपस्थित राहू शकत नाही.’

मी वाचले आणि हसलो. नकाशा डोळ्यांपुढे आणा. मुंबई-गोवा महामार्गाने महाडहून दक्षिणेला निघालात, की साधारण अठरा-वीस किलोमीटरवर पोलादपूर येते, आणि कशेडी घाट लागतो तो पोलादपूर ओलांडल्यावर, खेडच्या वाटेला. पोलादपूरहून महाडला येणारा मुलगा कशेडीत अडकेलच कसा? आमच्याकडे सबब सांगताना घाटाचे नाव घ्यावेच लागते आणि ते दिशेला जुळावे लागते. भोरकडून येणाऱ्याने वरंध म्हणावे, महाबळेश्वरकडून येणाऱ्याने आंबेनळी. त्यात २०२३ च्या गणपतीत कशेडीच्या बोगद्यातून एका बाजूने गाड्या जाऊ लागल्यापासून त्या घाटाचा सबबीचा भावही उतरला आहे. मी मुलाच्या नावापुढे शून्य मांडले.

साडेबाराला तो आला, गुडघ्यापर्यंत चिखल. मी नकाशा सांगून त्याला पेचात पकडले. तो गोंधळून म्हणाला, “मी नाय सर, गाडी अडकलेली. खेडची गाडी येते ना साडेनवाला, ती आलीच नाय. झाड पडलं ना घाटात. मिनीडोअरवाला भरल्याशिवाय सोडीना, मग काय करतो? उभा होतो स्टँडवर.”

मी गप्प झालो. बोलताना त्याने एका दमात ‘गाडी’ कर्ता केली, ‘आलीच’मधला ‘च’ नेमक्या जागी बसवला आणि वाक्ये कशीही टाकली. खोटे असते तर इतके वेडेवाकडे आले नसते. लिहिताना मात्र सरांना लिहायचे म्हणून त्याने मनातल्या मनात फळ्यावरचे इंग्रजी वाक्य पुढे ठेवले, ‘आय अॅम स्टक’मधल्या ‘आय’चा ‘मी’ केला, आणि खेडच्या गाडीऐवजी स्वतःच घाटात जाऊन बसला. खरी गोष्ट भाषांतरात खोटी झाली. दुपारी दुसऱ्या एका मुलीकडून झाड पडल्याचे कळलेही, पण मला त्याआधीच पटले होते.

‘गाडीच आली नाही’ हे वाक्य या भागात मी हलके घेणे बरे नव्हते, हेही कबूल करतो. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळचा सावित्रीवरचा जुना दगडी पूल पुरात कोसळला आणि कोकणातून मुंबईकडे निघालेल्या दोन एस.टी. गाड्या नदीत गेल्या. कुठल्या कुठल्या स्टँडवर कितीतरी माणसे हेच वाक्य त्या रात्री एकमेकांना सांगत उभी असतील. नवा पूल पुढच्याच वर्षी, जून २०१७ मध्ये, वाहतुकीला खुला झाला. पण माझ्या वर्गात उशिरा आलेल्या मुलाने पुलाचे नाव सबबीत घेतलेले मी अद्याप ऐकलेले नाही. घाट, झाड, दरड, पंक्चर, गणपतीतल्या मुंबईच्या गाड्या, सगळे चालते. पूल नाही.

चाचणी मी त्याची दुसऱ्या दिवशी घेतली. वीसपैकी चौदा पडले. अनुवादाच्या प्रश्नात त्याने ‘आय मिस्ड द बस’चे ‘माझी बस चुकली’ असे केले होते, त्याचे पूर्ण गुण दिले.

दसऱ्याच्या आधी पुन्हा एका सकाळी त्याचा संदेश आला: ‘सर गाडीच नाय आली अजून. उभाय स्टँडवर. आली की निघालोच.’ तिन्ही वाक्ये बिनचूक. अजून न निघालेल्याने ‘निघालोच’ म्हणणे, भविष्याला भूतकाळ घालणे, हे तर आपल्या भाषेचे खास देणे, आणि तेही मीच वर्गात सांगितलेले. पाऊस नव्हता. रस्ता स्वच्छ होता. मी हजेरीपटावर त्याच्या नावापुढची जागा मोकळी ठेवली आणि त्या दिवशी खेडची गाडी किती वाजता आली याची चौकशी कुणाकडेच केली नाही.