जुळलेले माप, फिकट शिरोरेषा

१५.६ इंची फोर-के लॅपटॉपला २४ इंची फुल एचडी मॉनिटर जोडला की लिनक्सवर अक्षरांच्या मापाचा प्रश्न येतो. लॅपटॉपवर इंचाला सुमारे २८२ पिक्सेल, मॉनिटरवर ९२. एक्स-११ दोन्ही पडद्यांचा मिळून एकच पट मानते आणि बहुतेक प्रोग्राम त्या पटासाठी अक्षरांचे एकच माप धरतात. लॅपटॉपवर वाचता यावे म्हणून सगळे दुप्पट केले की मॉनिटरवर तेच अवाढव्य दिसते. यावर सर्रास सुचवला जाणारा उपाय असा:

```
xrandr --fb 7680x2160 \
  --output eDP-1 --mode 3840x2160 --pos 0x0 \
  --output HDMI-1 --mode 1920x1080 --scale 2x2 --pos 3840x0
```

मॉनिटर १९२० बाय १०८० वरच चालतो. पण पटाचा ३८४० बाय २१६० एवढा भाग त्याच्या वाट्याला येतो आणि तो निम्म्यावर आणून दाखवला जातो. पटाच्या चार पिक्सेलांची सरासरी काढून पडद्यावरचा एक पिक्सेल बनतो. माप आटोक्यात येते, पण धार जाते ती याच सरासरीत.

शिरोरेषेचेच पाहा. पटावर ती दोन पिक्सेल जाड आणि काळी आहे असे धरू. ती चौकडीच्या सीमेवर सुरू झाली तर पडद्यावर एक ठाम काळी ओळ उमटते. एका पिक्सेलने खाली सरकली तर दोन करड्या ओळी उमटतात. हिंटिंग रेषेला पटाच्या पिक्सेलांवर नेमके बसवते. पडद्याचे पिक्सेल त्याच्या हिशेबातच नसतात. त्यामुळे एकाच पानावर एक ओळ ठसठशीत, तर दुसरी फिकट दिसू शकते. १.५ पटीला हे आणखी बिघडते, कारण पटाचे तीन पिक्सेल पडद्याच्या दोनांत बसवावे लागतात. `--filter nearest` दिले तर सरासरी टळते, पण दुपटीत चारांपैकी तीन पिक्सेल सरळ गळतात आणि बारीक रेषा तुटतात.

दोष मॉनिटरचा की स्केलिंगचा, हे स्क्रीनशॉट घेऊन कळते. स्क्रीनशॉट पटावरून, म्हणजे सरासरीच्या आधी घेतला जातो. तो लॅपटॉपच्या पडद्यावर मूळ आकारात उघडा. तिथे अक्षरे रेखीव आणि मॉनिटरवर धूसर असतील, तर कारण स्केलिंगच. `--scale 1x1` दिले की मॉनिटर पूर्ववत होतो.

माझे मत स्पष्ट आहे. मॉनिटरवर व्हिडिओ किंवा चॅटची खिडकी ठेवायची असेल तर ही युक्ती जरूर वापरा, पण पूर्ण दुपटीनेच. दिवसभर ज्या पडद्यावर मजकूर वाचायचा, त्याला मात्र ती लावू नका. तिथे मॉनिटर १ पटीवरच ठेवावा आणि ब्राउझर, टर्मिनल, एडिटर यांचे झूम किंवा फॉन्ट वेगवेगळे बेतावेत. वेलँडवर जाता येत असेल तर जावे. तिथे प्रत्येक पडद्याची पट वेगळी ठरवता येते आणि वेलँड जाणणारा प्रोग्राम १ पटीच्या मॉनिटरसाठी थेट त्याच्याच पिक्सेलांत अक्षरे काढतो.