नार्को, ब्रेन मॅपिंग आणि एक सही

काही महिन्यांपूर्वी लिंबायतहून एक गृहस्थ आपल्या दमेकरी मुलीला घेऊन माझ्या दवाखान्यात आले होते. मूळचे धुळे जिल्ह्यातले, सुरतेच्या कापड बाजारात एका गोदामावर कामाला. मुलीला तपासून झाल्यावरही ते उठेनात. गोदामात चोरी झाली होती. पोलिसांनी सर्व कामगारांची लाय डिटेक्टर चाचणी करायचे ठरवले होते आणि त्यासाठी प्रत्येकाची संमती न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर विचारली जाणार होती. ‘‘डॉक्टरसाहेब, मी काही केलेलं नाही. पण नाही म्हटलं तर मीच चोर ठरणार ना?’’ (त्यांची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

त्यांचा प्रश्न कायद्याचा होता, पण संमती हा विषय आपल्या रोजच्या व्यवहारातला. आपण दिवसातून अनेकदा संमतीपत्रावर सह्या घेतो. म्हणून स्मरणिकेसाठी हाच विषय निवडला.

या साऱ्याची सुरुवात एका प्रसूतीपासून झाली, हे बालरोगतज्ज्ञ म्हणून मला विशेष वाटते. १९१६ साली अमेरिकेतील टेक्सासमध्ये रॉबर्ट हाउस नावाचे डॉक्टर एका घरी बाळंतपण करीत होते. मातेला वेदनाशमनासाठी स्कोपोलामीन दिलेले. बाळाचे वजन करण्यासाठी त्यांनी पतीकडे तराजू मागितला, तो त्याला सापडेना. तेव्हा गुंगीत असलेल्या त्या बाईने तो नेमका कोठे टांगला आहे हे सांगून टाकले. गुंगीतला माणूस खरेच बोलतो, अशी डॉ. हाउस यांची समजूत झाली आणि १९२२ मध्ये त्यांनी डॅलसच्या तुरुंगातील कैद्यांवर हा प्रयोग केला. त्या माउलीला तराजूची जागा लपवायची नव्हती, ही साधी गोष्ट त्यांच्या ध्यानी आली नाही.

पुढे स्कोपोलामीन मागे पडले आणि बार्बिच्युरेट औषधे आली. आपल्याकडे नार्कोसाठी थायोपेंटोन वापरतात. आमच्या विद्यार्थिदशेत त्या पिवळसर पुडीचे द्रावण करून भूल दिली जाई. भूल देताना रुग्ण क्षणात झोपतो. नार्कोमध्ये तेच औषध सावकाश, ठिबकत देऊन माणसाला झोप आणि जाग यांच्या सीमेवर धरून ठेवतात. जीभ जड होते, संकोच ढिला पडतो आणि प्रश्नांना उत्तरे मिळू लागतात. पण संकोच ढिला पडला म्हणजे सत्य वर येते असे नाही. कल्पना, भीती, ऐकीव गोष्टी आणि प्रश्नकर्त्याने सुचवलेले उत्तर हे सारे एकत्रच बाहेर पडते. १९५१ मध्ये येल येथे केलेल्या एका प्रयोगात निरोगी स्वयंसेवकांनी अशा औषधाखालीही ठरवलेली खोटी हकीकत टिकवून धरली होती. चार वर्षांच्या मुलाला ‘‘दादाने ढकललं ना रे?’’ असे विचारले की ते मान डोलावते, हे आपण जाणतो. गुंगीतला प्रौढही त्याच्याहून फारसा वेगळा नसतो.

ब्रेन मॅपिंगमध्ये औषध नसते. डोक्यावर विद्युतअग्रे लावून माणसाला डोळे मिटून गप्प बसवतात आणि गुन्ह्याविषयीची वाक्ये ऐकवतात. मेंदूलहरींवरून ती घटना त्याने अनुभवली आहे की केवळ ऐकली आहे, हे ओळखता येते असा दावा असतो. जून २००८ मध्ये पुण्याच्या सत्र न्यायालयाने विषप्रयोगाच्या एका खटल्यात एका तरुणीला आणि तिच्या साथीदाराला जन्मठेप दिली, त्यात या चाचणीच्या अहवालाचा आधार घेतला होता. जगभर त्याची चर्चा झाली. त्याच वर्षी बंगळूरच्या निम्हान्सचे संचालक डॉ. नागराज यांच्या अध्यक्षतेखालील समितीने ही पद्धत शास्त्रीय कसोटीस उतरत नाही, असा निर्वाळा दिला. पुढे मुंबई उच्च न्यायालयाने त्या दोघांना जामीन दिला. लक्षात घ्यावे असे की, त्या तरुणीने चाचणीला संमती दिलेली होती.

त्या काळी संमतीची सक्तीही नव्हती. तेलगी प्रकरणात २००४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने आणि संतोकबेन जाडेजा प्रकरणात २००८ मध्ये आपल्या गुजरात उच्च न्यायालयाने अशा चाचण्यांना वाट मोकळी करून दिली होती. ५ मे २०१० रोजी सर्वोच्च न्यायालयाने ‘सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य’ या निकालात ती बंद केली. राज्यघटनेचे कलम २०(३) आरोपीला स्वतःविरुद्ध साक्ष देण्याच्या सक्तीपासून वाचवते आणि कलम २१ व्यक्तिस्वातंत्र्याचे रक्षण करते. इच्छेविरुद्ध केलेली चाचणी या दोहोंचा भंग आहे, असे न्यायालयाने म्हटले. संमती वकिलाच्या मदतीने, परिणाम समजावून घेऊन आणि न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर नोंदवलेली हवी. तशी संमती असली तरी चाचणीतील उत्तरे हा पुरावा नव्हे, कारण उत्तर देताना माणसाचा स्वतःवर ताबा नसतो. त्या उत्तरांवरून एखादी वस्तू सापडली, तरच ती पुराव्यात येऊ शकते. असे असूनही पाटणा उच्च न्यायालयाने एका जामीन अर्जाच्या सुनावणीत सर्व आरोपींची नार्को करण्याचा पोलिसांचा प्रस्ताव स्वीकारला होता. तो आदेश रद्द करताना जून २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला हेच पुन्हा सांगावे लागले.

कायदा इथे थांबतो. माझी शंका मात्र पुढची आहे. शस्त्रक्रियेच्या संमतीपत्रात शस्त्रक्रियेचे नाव असते. अपेंडिक्ससाठी सही घेऊन आपण मूत्रपिंड काढत नाही. नार्कोच्या टेबलावरील माणूस कोणत्या प्रश्नाला संमती देतो? ठरलेले प्रश्न सोडून त्याच्या तोंडून घरातल्या, परक्याच्या गोष्टी बाहेर पडल्या तर त्याला थांबवता येणार नाही. संमतीचा प्राण म्हणजे ती मागे घेण्याची मोकळीक. लाय डिटेक्टरवर बसलेला माणूस श्वासाचा पट्टा आणि बोटांवरच्या तारा काढून उठू शकतो. नार्कोत मात्र थायोपेंटोनचे पहिले थेंब गेल्यावर ती मोकळीक संपते. भूल दिलेल्या रुग्णाचीही संपते, पण तेथे आपण त्याच्या हितासाठी उभे असतो. येथे सुई टोचणारा डॉक्टर कोणासाठी उभा असतो? श्वास मंदावण्याचा, स्वरयंत्र आकसण्याचा धोका त्या माणसाने पत्करायचा आणि लाभ तपासाचा. म्हणून माझे मत असे, की संमती नोंदवलेली असली तरीही आपल्यापैकी कोणी या कामासाठी सुई हाती घेऊ नये. भूलतज्ज्ञ मित्रांना हे पटणार नाही, याची कल्पना आहे. ‘‘आम्ही नाही म्हटलं तर कमी अनुभवाचा कोणी करील,’’ हा त्यांचा मुद्दा मी ऐकलेला आहे.

त्या गृहस्थांना मी एवढेच सांगितले, की यंत्र खोटे पकडत नाही; श्वास, नाडी, रक्तदाब आणि घाम यांतला बदल टिपते, आणि निरपराध माणूसही घाबरतो. नाही म्हणणे हा त्यांचा अधिकार आहे, त्यावरून कोर्ट त्यांना दोषी धरणार नाही. पण वकिलाला विचारल्याशिवाय हो किंवा नाही, काहीच बोलू नका.

महिन्याभराने मुलीच्या पंपासाठी ते पुन्हा आले. ‘‘साहेबांनी विचारलं, मी नको म्हणालो. लिहून घेतलं, दोन मिनिटांत सुटलो,’’ ते म्हणाले. मग मुलीच्या डोक्यावरून हात फिरवत सांगितले, की गोदामाच्या मालकाने मात्र दुसऱ्या दिवसापासून कामावर येऊ नको म्हटले. ज्यांनी हो म्हटले, ते कामावर आहेत.