स्क्रीनशॉट जोडला म्हणजे तक्रार झाली नाही

‘स्क्रीनशॉट सोबत जोडला आहे. तरीही कमी रकमेची पावती देऊन आमची फसवणूक केली आहे.’ कॉलेजच्या लेखा विभागाला अशा सुरात पत्रं लिहिली जातात. पोर्टलवरचा आकडा पावतीवर जसाच्या तसा उतरला नाही, तर मधले पैसे कॉलेजने खाल्ले, ही त्यामागची समजूत. ती टिकत नाही.

समजा, स्क्रीनशॉटवर 32,472 रुपये आहेत आणि पावती 27,000 ची मिळाली. पालक 5,472 मागतात आणि तिथेच फसतात. फी क्रेडिट कार्डाने भरली, तेव्हा पेमेंट गेटवेने 400 रुपये कन्व्हिनियन्स चार्ज आणि त्यावर 18 टक्के जीएसटी, म्हणजे 72 रुपये, वर लावले होते. हे 472 कॉलेजच्या फीचे नव्हतेच, मग कॉलेज त्यांची पावती कशी देणार? क्लार्क नेमकं त्यांवर बोट ठेवतो आणि अख्खं पत्र बाजूला सारतो.

पण उरलेल्या 5,000 चं काय? इथे ऑफिसचं ठरलेलं उत्तर येतं: ‘स्क्रीनशॉट आम्ही धरत नाही.’ एरवी हे बरोबर आहे. स्क्रीनशॉटमध्ये फेरफार करता येतो, आणि खात्यातून पैसे कापले गेले तरी व्यवहार मध्येच अडकलेला असू शकतो. मात्र त्याच व्यवहाराचा क्रमांक घालून ऑफिसने पावती फाडली असेल, तर पैसे पोचल्याचं ऑफिसनेच कबूल केलं. आता वाद पैसे आले की नाही याचा उरला नाही. आलेले पैसे कोणत्या शीर्षाखाली जमा केले याचा आहे. गेटवेचा सेटलमेंट रिपोर्ट आणि विद्यार्थ्याचं लेजर ऑफिसातच असतं. ते पाहून सांगण्याचं काम विद्यार्थ्याचं नव्हे.

हे 5,000 अनामत म्हणून वेगळ्या पावतीवर गेले असतील, किंवा मागच्या वर्षीच्या थकबाकीत वळते केले असतील. दोन्ही रीतसर असू शकतं, पण तोंडी सांगून भागत नाही. अनामतीची पावती हातात नसेल, तर कॉलेज सोडताना अनामत परत मागायची कशाच्या जोरावर?

म्हणून पत्र छोटं आणि हिशेबी असावं. नाव, वर्ग, पीआरएन, पावतीचा क्रमांक व तारीख, गेटवेचा व्यवहार क्रमांक लिहावा आणि कार्डाच्या स्टेटमेंटमधली ती नोंद जोडावी, स्क्रीनशॉट त्यामागे. 472 आपणच वजा करून दाखवावेत. ‘फसवणूक’ हा शब्द गाळावा, तो सिद्ध करणं आपल्यावर येतं. मागणी एकच: 32,000 रुपयांचा शीर्षवार तपशील लेखी द्या आणि 27,000 पलीकडच्या रकमेची पावती द्या.

आणि पत्राच्या दोन प्रती न्या. एक ऑफिसात द्या, दुसरीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.